पाठपोट कागद, लांब दस्त, जीर्ण उतारे आणि एकच पीडीएफ

पन्नास सारखे, सपाट, एकाच बाजूला छापलेले कागद स्कॅन करायला कुणी शिकवावं लागत नाही. फीडरमध्ये ठेवा, बटण दाबा, चहा घेऊन या. पण कोल्हापुरात वकिलाच्या, सीएच्या किंवा सोसायटीच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात अशी फाइल सहसा येत नाही. येते ती नाड्यात ओवलेली, वीस वर्षांत चार हातांनी वाढवलेली. तिच्यात पाठपोट झेरॉक्स असतात, हिरव्या लेजर पेपरवरचं खरेदीखत असतं, घडीवर फाटायला आलेले फेरफार उतारे असतात आणि शेवटी एक नकाशा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडे सुरू झालं, तेव्हापासून अशा फायली ‘जरा स्कॅन करून एकच पीडीएफ करून ठेव’ म्हणून नव्या पोरांच्या टेबलावर पडायचं प्रमाण वाढलंय. हा लेख त्यांच्यासाठी.

उदाहरणाला करवीर तालुक्यातल्या एका वाटणीच्या दाव्याची फाइल घेऊ. एकूण ३१ कागद. पहिले आठ ए४, पाठपोट. नऊ ते तेरा क्रमांकाचे पाच कागद म्हणजे लीगल आकाराच्या हिरव्या पेपरवरचं खरेदीखत, एकाच बाजूला टाइप केलेलं. चौदा ते सोळा हे तीन जुने फेरफार उतारे, पातळ कागदावरचे, त्यातल्या एकाच्या मागे शिक्का आणि शेरा. सतरा ते तीस हे चौदा कागद पुन्हा ए४, पाठपोट. आणि एकतिसावा गटाचा नकाशा. मशीन साधं, बहुतेक ऑफिसांत असतं तसं: खाली ए४ मापाची काच, वर पस्तीस कागद मावणारा फीडर, आणि फीडर एका वेळी कागदाची एकच बाजू वाचणारा.

नाडा सोडण्याआधी

फाइल सोडायच्या आधी कागद मोजा आणि यादी करा. कोऱ्या कागदावर एक ते एकतीस आकडे लिहून प्रत्येकासमोर आकार, एक बाजू की दोन, आणि मागची बाजू कोरी आहे का, एवढंच लिहायचं. आपल्या फाइलीत आठ, बावीस आणि तीस या तीन कागदांची पाठ कोरी आहे. ही यादी पुढे दोनदा वाचवणार आहे, म्हणून कंटाळा करू नका.

ए४ झेरॉक्स प्रतींच्या कोपऱ्यात, पुढे आणि मागे दोन्हीकडे, बारीक पेन्सिलीने कागदाचा क्रमांक टाका. मूळ दस्तावर आणि उताऱ्यांवर मात्र पेन्सिलसुद्धा लावायची नाही; त्यांच्यासाठी यादी पुरेशी आहे. चिकटचिठ्ठ्या लावायच्या नाहीत, कारण त्यातली एखादी फीडरमध्ये गेली की तिचा चिकटा आत राहतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर आपली सही करतो.

मग तीन ढीग करा. पहिल्यात बावीस ए४ पाठपोट कागद, दुसऱ्यात पाच लीगल, तिसऱ्यात उतारे आणि नकाशा. पहिले दोन ढीग फीडरचे, तिसरा काचेचा. फीडरमध्ये काय जाऊ नये याची माझी कसोटी सोपी आहे: कागद कोपऱ्याला धरून हलकेच वाकवला आणि मन कचरलं, तर तो काचेवर जाईल. सेलोटेप लावलेला, फोटो किंवा तिकीट चिकटवलेला, लाखेचा शिक्का असलेला, व्हाइटनर अजून ओला असलेला, भोकाशी फाटलेला, हे सगळे काचेचे. फीडरमधले रोलर कागद ओढतात आणि वळवतात. अडकलेली झेरॉक्स दुसरी काढता येते, पण जीर्ण उतारा फाटला तर पुन्हा तलाठी कार्यालयाची वारी, आणि तिथेही मूळ रजिस्टर तेवढंच जीर्ण असणार.

स्टेपल काढताना एक एक कागदाचा कोपरा बोटाने तपासा. तुटलेल्या पिनेचा अर्धा तुकडा कागदात राहतो, दिसत नाही, आणि आत जाऊन काचेवर चरा पाडतो. पिना काढल्यावर गठ्ठ्याच्या कडा पत्त्यांसारख्या फुरफुरवून मोकळ्या करा. वर्षानुवर्षं दाबून राहिलेल्या झेरॉक्स एकमेकींना धरून बसतात, आणि दोन कागद एकदम आत जायचं मुख्य कारण तेच.

सॉफ्टवेअर आणि सेटिंग

मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर वापरलं तरी चालतं. मी NAPS2 हे मोफत सॉफ्टवेअर सुचवतो, कारण ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्कॅनरबरोबर चालतं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर आहे, आणि पानं मागेपुढे करायची सोय त्यात चांगली आहे. मॅकवर आधीपासून असलेल्या Image Capture मध्ये पीडीएफ निवडून Combine into single document वर टिक केली की अनेक पानांची एक फाइल होते. साध्या कामाला तेवढं पुरतं.

NAPS2 मध्ये प्रोफाइल बनवता येतात. तीन बनवा. पहिलं ‘फीडर ए४’: Paper source मध्ये Feeder, आकार ए४, ३०० डीपीआय, Grayscale. दुसरं ‘फीडर लीगल’: तेच सगळं, फक्त आकार Legal. तिसरं ‘काच रंगीत’: Glass, ए४, ३०० डीपीआय, 24-bit Color. स्रोत स्वतःच ठरवू दे असा पर्याय बऱ्याच मशीनवर असतो, तो घेऊ नका. फीडरमध्ये एखादा कागद राहिला असेल तर मशीन तोच ओढतं, आणि तुम्ही काचेवर ठेवलेला उतारा झाकणाखाली तसाच पडून राहतो.

३०० डीपीआय का? या मापाला ए४ पान साधारण २४८० बाय ३५०८ बिंदूंचं होतं, आणि झेरॉक्सची झेरॉक्स झालेला बारीक मजकूरही त्यात वाचता येतो. ६०० केलं तर बिंदू दुप्पट नाही, चौपट होतात, मशीन रांगायला लागतं आणि मजकुरात नवीन काही दिसत नाही. २०० ला बिंदू निम्म्याहूनही कमी होतात. स्वच्छ छापील पानाला ते चालतं.

Black and White हा पर्याय बघून मोह होतो, कारण फाइल एकदम छोटी होते. पण त्यात प्रत्येक बिंदू एक तर काळा नाही तर पांढरा ठरवला जातो, मधलं काही नाही. फिका शिक्का, निळ्या शाईची सही, अंगठ्याचा ठसा यांतलं बरंचसं पांढऱ्यात जातं. हिरव्या पेपरचं उलट होतं. त्याची पार्श्वभूमीच काळ्या ठिपक्यांनी भरून येते. म्हणून मजकुराला करडा आणि शिक्का-सहीला रंगीत.

सगळी फाइल ओतण्याआधी वजनाचा अंदाज घ्या. वेगवेगळ्या प्रकारची तीन पानं स्कॅन करा, सेव्ह करा आणि आकार बघा. समजा १.५ एमबी आले. आपली अंतिम फाइल ५१ पानांची होणार आहे (ती कशी, ते पुढे येईलच), म्हणजे सतरा पट, साडेपंचवीस एमबी. जिथे अपलोड करायचं तिथली मर्यादा समजा २० एमबी असेल, तर हे आत्ताच कळलेलं बरं. छापील पानं २०० वर आणली की त्यांचं वजन साधारण निम्म्यावर येतं. पण अपलोडच्या सूचनांमध्ये ३०० डीपीआयच हवं असं लिहिलेलं असेल तर डीपीआयला हात लावायचा नाही. रंगीत पानांची संख्या कमी करायची. त्या सूचना आधी वाचा, स्कॅन झाल्यावर नव्हे.

बावीस पाठपोट कागद, एकाच बाजूच्या फीडरमधून

फीडर एकच बाजू वाचतो, म्हणून गठ्ठा दोनदा घालायचा: एकदा सगळ्या पुढच्या बाजू, मग सगळ्या मागच्या. सॉफ्टवेअर नंतर एकाआड एक करून त्या गुंफतं. ऐकायला सोपं आहे. घोटाळा होतो तो दुसऱ्या फेरीला गठ्ठा कसा घालायचा यात.

आधी एकाच कागदावर बघून घ्या की तुमचं मशीन कागद कुठल्या तोंडाने मागतं. फीडरवर एक छोटं चित्र कोरलेलं असतं. त्यात ओळी दिसत असतील तर मजकूर वर ठेवायचा, कोरं दिसत असेल तर मजकूर खाली. बहुतेक घरगुती आणि ऑफिसच्या मशीनमध्ये मजकूर वर, पानाचा माथा आत जाणाऱ्या बाजूला, असा कागद ठेवतात. पुढचं सगळं मी अशा मशीनबद्दल लिहितोय.

गठ्ठा एक नंबर वर असा ठेवा. दोन्ही बाजूंच्या सरकत्या पट्ट्या कागदाला टेकतील एवढ्याच आणा. सैल राहिल्या तर पानं तिरकी येतात, करकचून लावल्या तर कागद मध्ये फुगतो आणि अडकतो. ‘फीडर ए४’ प्रोफाइलवर स्कॅन करा. स्क्रीनवर बावीस चित्रं आली पाहिजेत. एकवीस आली तर कुठेतरी दोन कागद चिकटून गेले. पेन्सिलीचे आकडे बघत गेलं की कुठला गळाला ते लगेच सापडतं. असं झालं तर मध्येच ठिगळ लावत बसू नका. ती एकवीसच्या एकवीस काढून टाका, गठ्ठा पुन्हा फुरफुरवा आणि फेरी परत करा. दोन मिनिटांचं काम आहे. पुढची बाजू एकने कमी आणि मागची पूर्ण असं राहिलं, तर गुंफताना त्या जागेपासून पुढचं प्रत्येक पान चुकीच्या जोडीदाराशेजारी बसतं.

आता बाहेर आलेल्या गठ्ठ्याकडे नीट बघा. पहिला कागद आधी बाहेर पडला, पालथा. त्यावर दुसरा, तोही पालथा. शेवटी सगळ्यात वर आहे तो तिसावा कागद, आणि त्याची पाठ तुमच्याकडे. म्हणजे मागच्या बाजू आत्ताच वर आहेत. गठ्ठा उलथायचा नाही, कागदांचा क्रम लावायचा नाही. फक्त एक गोष्ट: आत वळून बाहेर पडताना कागदाचा माथा विरुद्ध दिशेला गेलेला असतो. म्हणून गठ्ठा टेबलावर आडवाच ठेवून अर्धा फिरवायचा, जेणेकरून माथा पुन्हा आत जाणाऱ्या बाजूला येईल, आणि तसाच फीडरमध्ये घालायचा. फिरवायचं विसरलं तर मागची सगळी पानं डोक्यावर उभी येतात. त्यात नुकसान काही नाही, ती निवडून १८० अंशांत फिरवता येतात. मात्र काही झेरॉक्स मुळातच उलट्या काढलेल्या असतात, पुढचा माथा वर आणि मागचा खाली, कॅलेंडर उलटतो तशा. असे कागद असतील तर फिरवाफिरवीचा हिशेब उलटा होतो, तेव्हा आधी एक कागद हातात घेऊन उलटून बघा.

दुसरी फेरी करा. पुन्हा बावीस चित्रं, एकूण ४४. मागच्या बाजू उलट्या क्रमाने आल्या आहेत: आधी तिसाव्याची पाठ, शेवटी पहिल्याची. असंच यायला हवं. आता NAPS2 च्या Reorder मेनूत जा. तिथे Interleave आणि Alternate Interleave असे दोन पर्याय आहेत. पहिला आहे तो मागच्या बाजू सरळ क्रमाने आल्या असतील तेव्हासाठी, दुसरा उलट क्रमाने आल्या असतील तेव्हासाठी. आपल्याला दुसरा हवा. क्लिक केलं की पहिल्याची पुढची बाजू, पहिल्याची मागची, दुसऱ्याची पुढची, अशी चव्वेचाळीस पानं रांगेत येतात.

इथे दोन पथ्यं आहेत. हे गुंफण्याचं काम NAPS2 च्या यादीत फक्त हीच चव्वेचाळीस पानं असताना करायचं. खरेदीखत किंवा उतारे आधीच यादीत आले असतील तर तेही गुंफले जातात आणि मग ती गुंतवळ सोडवण्यापेक्षा परत स्कॅन केलेलं बरं. दुसरं, कोरी पानं आपोआप वगळण्याची सोय, NAPS2 मध्ये Exclude blank pages, या कामात बंद ठेवायची. आठ, बावीस आणि तीसची कोरी पाठ मशीनने गाळली तर मागच्या बाजू एकोणीसच राहतात आणि जोड्या बिघडतात. कोरी पानं गुंफून झाल्यावर हाताने काढा, आपल्या कागदावरच्या यादीत बघून. चव्वेचाळीसातून तीन गेली, उरली एकेचाळीस.

ज्यांच्या मशीनमध्ये दोन्ही बाजू वाचणारा फीडर आहे त्यांनी Paper source मध्ये Duplex घ्यावं आणि हा सगळा भाग सोडून द्यावा. त्यातही दोन जाती आहेत. काही मशीन कागद एकदा वाचून, आतल्या आत उलटवून पुन्हा वाचतात. त्यात वेळही जातो आणि पातळ कागद अडकायची शक्यताही वाढते. काहींत दोन्ही बाजूंना वाचणारे सेन्सर असतात आणि कागद एकदाच जातो.

एखाद्याने आधीच पुढच्या बाजूंची एक पीडीएफ आणि मागच्या बाजूंची दुसरी करून ठेवली असेल, तर पुन्हा स्कॅन करायची गरज नाही. qpdf नावाचं मोफत साधन कमांडच्या खिडकीत लिहिलेल्या एका ओळीत काम करतं:

```
qpdf --empty --collate --pages pudhe.pdf 1-z mage.pdf z-1 -- purna.pdf
```

यातलं z-1 म्हणजे दुसरी फाइल शेवटच्या पानापासून पहिल्याकडे वाच. मागच्या बाजू सरळ क्रमाने असतील तर तिथे 1-z लिहायचं.

खरेदीखत, आणि कापली जाणारी सही

या फाइलीतली सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, आणि होताना काही आवाज करत नाही. ए४ ची लांबी २९७ मिलिमीटर, लीगलची ३५६. प्रोफाइल ए४ वर राहिलं असेल तर फीडर अख्खा कागद ओढतो, सरळ बाहेर काढतो, चूक म्हणून काही दाखवत नाही. पण पीडीएफमध्ये प्रत्येक पानाचा खालचा ५९ मिलिमीटर गायब असतो. आणि दस्ताच्या तळाशी काय असतं? लिहून देणाराची सही, अंगठा, साक्षीदार. छोट्या चित्रात पान पूर्णच वाटतं, म्हणून मोठं करून तळ बघायला हवा.

म्हणून आधी फूटपट्टी लावा. सगळेच हिरवे कागद नेमके लीगल मापाचे नसतात, काही किंचित लहान असतात. ‘फीडर लीगल’ प्रोफाइल घ्या. तळाला थोडी पांढरी पट्टी आली तर आली. पाच कागद, एकच बाजू, पाच चित्रं. दस्तावर दुय्यम निबंधकाचा शिक्का आणि निळी शाई असेल तर या पाचांना रंगीत करा, तेवढं वजन परवडतं.

कागद फीडरमध्ये घालण्यासारखा नसेल तर? काच ए४ चीच आहे, लीगल तिच्यावर मावत नाही. मग दोन तुकड्यांत स्कॅन करावं लागतं, वरचा भाग एकदा, खालचा एकदा, मध्ये चार-पाच ओळी दोन्हीकडे येतील असं. पण कोर्टाच्या कामाला दोन तुकड्यांचा दस्त मला स्वतःला आवडत नाही. ए३ काचेचं मोठं मशीन असलेलं झेरॉक्स दुकान गाठावं, आणि तिथे समोर उभं राहून एक एक कागद काचेवर ठेवून घ्यावा.

उतारे काचेवर

काचेवर काम सावकाश होतं, पण कागद जागचा हलत नाही. घडी पडलेला उतारा आदल्या दिवशी दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून जाड पुस्तकाखाली ठेवला तर बराच सपाट होतो. इस्त्री वगैरे प्रयोग करू नका.

काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. काचेच्या एका कोपऱ्यात बाण असतो, कागदाचा कोपरा तिथे, मजकूर खाली. अगदी काठाला लावला तर कडेचे दोन-तीन मिलिमीटर कधी कधी येत नाहीत, आणि जुन्या उताऱ्यांत गाव, तालुका ही अक्षरं काठापर्यंत लिहिलेली असतात. थोडं आत सरकवून ठेवा, जास्तीची कड नंतर कापता येते.

पातळ कागदाची एक खास अडचण आहे. मागच्या बाजूचा शेरा आणि शिक्का पुढच्या अक्षरांतून आरपार दिसतो. झाकणाची आतली बाजू पांढरी असते, तिच्यावरून प्रकाश परततो आणि मागची शाई उठून दिसते. उताऱ्याच्या पाठीवर एक काळा कागद ठेवून मग झाकण लावा. पार्श्वभूमी जरा करडी येते, पण पुढची अक्षरं मोकळी होतात. ब्राइटनेस थोडा वाढवला की करडेपणाही बराच जातो.

‘काच रंगीत’ प्रोफाइल, एक स्कॅन, झाकण उघडा, पुढचा उतारा, पुन्हा स्कॅन. NAPS2 मध्ये नवी पानं यादीच्या शेवटी येऊन बसतात, त्यामुळे प्रत्येक वेळी सेव्ह करायचं नाही. इथे नवशिके हमखास एक एक पानाची पीडीएफ करत सुटतात आणि मग ‘scan0001’ पासून पुढे डेस्कटॉप भरतो. काचेवरची पानं जास्त असतील तर Batch Scan घ्या. त्यात प्रत्येक पानानंतर थांबून विचारायला लावता येतं. मशीनच्या स्वतःच्या पडद्यावरून स्कॅन करत असाल तर पानानंतर ‘पुढचं पान आहे का’ अशा अर्थाचा प्रश्न येतो. त्याला हो म्हणा, कागद बदला, आणि शेवटच्याच पानाला नाही म्हणा. घाईत मध्येच नाही दाबलं गेलं की फाइल तिथेच बंद होते.

तीन उतारे, एकाची पाठ धरून चार चित्रं. नकाशा ए४ पेक्षा मोठा असल्यामुळे ए३ काचेवर करून आणायचा आणि Import ने यादीत घ्यायचा. एक चित्र.

उभी रेघ

फीडरमधून आलेल्या पानांवर वरपासून खालपर्यंत एकाच जागी बारीक रेघ दिसली तर कागदाला किंवा सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. काचेवर स्कॅन करताना वाचणारा भाग सरकतो आणि कागद स्थिर असतो, म्हणून काचेवरचा कण पानावर ठिपका म्हणून येतो. फीडरमध्ये उलट आहे. वाचणारा भाग एका जागी थांबतो आणि कागद त्याच्यावरून जातो, म्हणून तोच कण पूर्ण लांबीची रेघ ओढतो. तो कण मोठ्या काचेवर नसतोच. झाकण उघडल्यावर मोठ्या काचेशेजारी बोटभर रुंदीची एक वेगळी पट्टी दिसते, तिच्यावर असतो. बरेच जण मोठी काच चकाचक करतात आणि रेघ तशीच राहते. पट्टी किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा. व्हाइटनर किंवा गोंदाचा डाग असेल तर घासून निघतो. टोकदार वस्तूने खरवडायचं नाही. रेघ सहीवरून किंवा आकड्यावरून जात असेल तर ती पानं पुन्हा करा. सातबाऱ्यावर क्षेत्राच्या आकड्यातून गेलेली रेघ आकडाच बदलून टाकू शकते.

लावणी आणि तपासणी

आता यादीत आधी एकेचाळीस ए४ पानं, मग पाच लीगल, चार उतारे आणि नकाशा. मूळ फाइलीचा क्रम तसा नाही. पहिल्या आठ कागदांची, आठव्याची कोरी पाठ वजा जाता, पंधरा पानं झाली. त्यांच्यानंतर खरेदीखत आणि उतारे यायला हवेत. ती नऊ चित्रं एकदम निवडा आणि ओढून पंधराव्या पानामागे सोडा. खरेदीखत सोळा ते वीस, उतारे एकवीस ते चोवीस, मग उरलेली ए४ पानं पंचवीस ते पन्नास, आणि नकाशा एक्कावन्नावा. पेन्सिलीचे आकडे आणि यादी समोर धरून एकदा सगळं चाळा.

मजकूर शोधता यावा असं हवं असेल तर सेव्ह करण्याआधी ओसीआर चालू करून भाषा मराठी निवडा. ती भाषा पहिल्यांदा डाउनलोड करावी लागते. टाइप केलेल्या पानांना बरा उपयोग होतो. हस्ताक्षरातल्या फेरफारावर त्याचा भरवसा धरू नका, आणि मोडीतला कागद असेल तर विसराच.

Save PDF मधून Save All करा. Save Selected चुकून दाबलं गेलं तर निवडलेली नऊ पानंच सेव्ह होतात, आणि नऊ पानांची फाइल पुढे पाठवली जाते. म्हणून सेव्ह झालेली पीडीएफ NAPS2 च्या बाहेर, नेहमीच्या पीडीएफ वाचकात उघडा. पानांची संख्या ५१ आहे का, आकार मर्यादेत आहे का, सोळा ते वीस या पानांचे तळ मोठे करून सह्या पूर्ण आहेत का, आणि उताऱ्यांवरचे शिक्के वाचता येतात का, हे बघा. NAPS2 मधली पानं तोवर पुसायची नाहीत, आणि नाडाही ओवायचा नाही.

एखादं पान तिरकं किंवा अर्धवट सापडलंच तर तेवढाच कागद काचेवर ठेवा. लीगल असेल तर एकटा फीडरमधून सोडा. नवं चित्र यादीच्या शेवटी येईल, ते ओढून जागेवर न्या, खराब काढून टाका आणि त्याच नावाने परत सेव्ह करा. NAPS2 बंद केल्यावर चूक लक्षात आली तर पीडीएफच Import करा, पानं पुन्हा सुटी होऊन यादीत येतात. संख्या अजूनही ५१च आली पाहिजे. नंतर कागद यादीप्रमाणे एक ते एकतीस लावून फाइलीत ओवा आणि यादी वरच ठेवून द्या. पुढच्या तारखेला त्यात नवे कागद वाढणारच आहेत.